पावसाच्या खड्ड्याचा खरा हिशेब

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या सोसायटीत लिफ्टजवळच्या फलकावर एक कागद लागला. मजकूर असा होता : 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की, पावसाचे पाणी जमिनीत जिरविण्यासाठी सोसायटीच्या आवारात तीन खड्डे घेण्याचे प्रस्तावित आहे. अंदाजे खर्च रु. २,१६,०००. प्रत्येक सभासदाची वर्गणी रु. ६,०००. या योजनेमुळे वर्षाला १६ लाख ८० हजार लिटर पाणी मिळून टँकर पूर्णपणे बंद होतील व खर्च एका वर्षात वसूल होईल.' खाली सेक्रेटरींची सही आणि सोसायटीचा शिक्का.

संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरचे काका, बँकेतून निवृत्त झालेले, तो कागद दोनदा वाचून माझ्याकडे आले. "सहा हजार देईन मी. पण हा सोळा लाखांचा आकडा काढला कुणी?"

मी कार्यकारिणीवर आहे, त्यामुळे प्रश्न मलाच होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. ठेकेदाराच्या कोटेशनमधून तो आकडा आम्ही तसाच उचलला होता. फलकावरचा कागद आम्ही दुसऱ्या दिवशी काढला. त्या जागी नवी सूचना लागायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत जे कळलं ते इथे सविस्तर सांगतो, कारण अशा सूचना आता ठिकठिकाणी लागतात आणि त्यांतले आकडे बहुधा असेच उचललेले असतात.

आधी आमची परिस्थिती. पुण्याच्या पश्चिमेला, टेकडीच्या उतारावर तीन इमारती आहेत. सदनिका ३६. महापालिकेचं पाणी येतं, पण उन्हाळ्यात पुरत नाही. एक बोअरवेल आहे, ती होळीच्या सुमारास मान टाकते. मग एप्रिलपासून पाऊस लागेपर्यंत टँकर. मागच्या उन्हाळ्यात दहा हजार लिटरचे ९० टँकर आले. एकाला १,२०० रुपये, म्हणजे एकूण १ लाख ८ हजार. दर घरामागे तीन हजार.

आता तो सोळा लाखांचा आकडा. पावसाचा हिशेब मुळात फार सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. पुण्यात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ठेकेदाराने आमचा सगळा भूखंड धरला, २,४०० चौरस मीटर, आणि त्याला सातशेने गुणलं. झाले १६ लाख ८० हजार लिटर. गुणाकार बरोबर आहे. पण भूखंडाचा बराचसा भाग पार्किंग आणि रस्ता आहे. तिथलं पाणी गाड्यांचं तेल, चिखल, कुत्र्यामांजरांची घाण घेऊन वाहतं, ते खड्ड्यात घ्यायचंच नसतं. घ्यायचं ते गच्चीचं पाणी. आमच्या तीन गच्च्या मिळून ९०० चौरस मीटर. गच्चीवर पडलेलं सगळंही खाली येत नाही. फरशी भिजते, उन्हाने उडतं, कोपऱ्यात साचतं. सिमेंटच्या गच्चीचं साधारण ८० टक्के पाणी हाती लागतं असं धरतात. ९०० गुणिले ७०० गुणिले ०.८ म्हणजे ५ लाख ४ हजार लिटर. सोळाचे पाच झाले.

हे पाच लाखही खड्ड्यापर्यंत पोचणारं पाणी आहे. बोअरमधून वर येणारं पाणी हा वेगळा आकडा, आणि या दोन्हींच्या मध्ये आपला दगड आहे.

महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग बसाल्टवर, म्हणजे काळ्या पाषाणावर बसला आहे. लाव्हाचे थरावर थर साचून हा दगड तयार झाला. नदीकाठच्या वाळूत पाणी स्पंजासारखं सगळीकडे भरून राहतं, तसं या दगडात होत नाही. घट्ट बसाल्टमधून पाणी जवळपास जातच नाही. ते फिरतं ते वरच्या मुरमातून, दगडाच्या भेगांतून आणि दोन थरांच्या सांध्यांतून. बोअर मारताना 'दीडशे फुटांवर झरा लागला' असं म्हणतो तो झरा म्हणजे अशी एखादी भेग. खड्ड्यातलं पाणी ज्या भेगेत उतरतं तीच भेग आपल्या बोअरला मिळत असेल तर बोअर जास्त दिवस चालेल. ती उताराखालच्या सोसायटीकडे जात असेल तर त्यांची चालेल. आमचं आवार उतारावर असल्यामुळे काही पाणी खालच्या वस्तीकडे जाणार हे नक्की. त्याचं मला वाईट वाटत नाही, आमच्या बोअरलाही वरच्या टेकडीवर मुरलेलंच पाणी मिळतं. पण सभासदांकडून पैसे मागताना हे लपवून चालणार नाही. म्हणून आम्ही एका भूजलतज्ज्ञाला बोलावलं. त्यांचा पहिला सल्ला होता, "किती पाणी परत मिळेल ते आज कुणीच छातीठोकपणे सांगू शकणार नाही. चौथा हिस्सा ते निम्मं, एवढं धरून हिशेब करा आणि पुढे मोजत राहा."

त्यांनी सांगितलेली चाचणी कुणालाही करता येते. जिथे खड्डा घ्यायचा तिथे आधी चार-पाच फुटांचा छोटा खड्डा खणायचा. आदल्या दिवशी त्यात पाणी भरून जमीन पुरती भिजवून घ्यायची. कोरडी जमीन सुरुवातीला अधाशासारखी पाणी पिते आणि फसवते. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरायचं, काठीवर खूण करायची आणि तासाभराने पातळी किती उतरली ते बघायचं. मागच्या बाजूला, जांभळाच्या झाडापलीकडे, पिवळट मुरूम लागला. तिथे पाणी तासात नऊ सेंटिमीटर उतरलं. गेटजवळ, जिथे ठेकेदाराने पहिला खड्डा दाखवला होता, तिथे पाच फुटांवर पहार ठणठण वाजायला लागली. पाणी तासाभरात जेमतेम एक सेंटिमीटर हललं. तिथे खड्डा घेतला असता तर पावसाळाभर डबकं आणि डास. गेटजवळची जागा त्या दिवशीच रद्द झाली. पुढच्या इमारतीचं पाणी पाइपाने बाजूच्या बागेत न्यायचं ठरलं, तिथेही मुरूम चांगला होता. नळकामाचा खर्च थोडा वाढला, पण वाचवायचा तो खर्च हा नव्हे. तुमच्याकडे वर काळी माती असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा : ती भिजली की फुगते आणि पाणी अडवते. खड्डा ती माती ओलांडून खाली मुरमापर्यंत गेलाच पाहिजे.

जागा ठरवताना इमारतीच्या पायापासून निदान तीन-चार मीटर लांब राहायचं, तळघरात पार्किंग असेल तर त्याच्या भिंतीपासून आणखी दूर. ड्रेनेजची लाइन आणि सेप्टिक टँक जवळ नको. खणण्याआधी इमारतीचा मंजूर नकाशाही काढून बघा. नव्या इमारतींना मोठ्या भूखंडांवर पर्जन्यजल संधारण नियमानेच बंधनकारक आहे. अनेक ठिकाणी बिल्डरने केलेले खड्डे पेव्हर ब्लॉकखाली गाडले गेलेले असतात आणि नव्याने खणण्यापेक्षा ते उघडून साफ करणं कितीतरी स्वस्त पडतं. आमची इमारत जुनी, आमच्याकडे तसं काही निघालं नाही.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट मात्र जमिनीखाली नव्हती, ती भिंतीवर होती. मार्चच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाच्या सुमारास आमचे नेहमीचे प्लंबर आले आणि गच्चीवरून खाली येणारा प्रत्येक पावसाळी पाइप तळाशी हात लावून बघत तिन्ही इमारतींना फेरी मारू लागले. चार महिने पावसाचा थेंब नाही, तेव्हा सगळे पाइप कोरडे हवेत. बी इमारतीच्या मागच्या बाजूला दोन पाइप ओले निघाले. एकाच्या तोंडाशी हिरवं शेवाळ धरलं होतं. आम्ही बघत असतानाच वरून खळखळ आवाज आला आणि चेंबरमध्ये पांढरा फेस उतरला. कुणाच्या तरी घरी वॉशिंग मशीनने पाणी सोडलं होतं. नूतनीकरण करताना ड्राय बाल्कनीत मशीन बसवलेलं, आणि ड्रेनेजची लाइन लांब म्हणून मशीनचा पाइप जवळच्या पावसाळी पाइपला जोडलेला. तिन्ही इमारती मिळून अशी सात घरं निघाली.

हे जोड तसेच ठेवून खड्डे केले असते तर वर्षाचे बारा महिने साबणाचं पाणी आणि कपड्यांचे तंतू खड्ड्यात गेले असते. वाळू वर्षभरात चोंदली असती. त्याहून वाईट म्हणजे तेच पाणी मुरमातून आमच्या आणि शेजाऱ्यांच्या बोअरमध्ये उतरलं असतं. पावसाचं पाणी जिरवण्याच्या नावाखाली सांडपाणी जिरवणं हा गुन्हा आहे असं मी मानतो. म्हणून नव्या सूचनेत हे काम पहिल्या क्रमांकावर आलं, खड्ड्यांच्याही आधी.

खड्ड्याची रचना साधी आहे. आमचा प्रत्येक खड्डा दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद, अडीच मीटर खोल. बाजूंना सांधे मोकळे ठेवलेलं जाळीदार वीटकाम, म्हणजे माती ढासळत नाही आणि पाणी भिंतींतूनही मुरतं. तळाला मोठे दगडगोटे, त्यावर खडी, त्यावर नायलॉनची जाळी आणि सर्वांत वर जाड वाळू. क्रम उलटा करायचा नाही. गाळ वरच्या वाळूत अडकतो, दरवर्षी मेअखेर वाळूचा वरचा थर काढून धुऊन परत टाकता येतो. गाळ दगडांपर्यंत गेला तर सगळा खड्डा उपसावा लागतो. गच्चीचा पाइप खड्ड्यात येण्याआधी एक छोटं चेंबर असतं आणि त्याला झडप. पहिल्या एक-दोन पावसांत गच्चीवरची धूळ, पारव्यांची विष्ठा, वाळलेली पानं वाहून येतात, ते पाणी झडप फिरवून पावसाळी गटारात सोडायचं. खड्ड्यात मधोमध भोकं पाडलेला चार इंची पाइप उभा ठेवायचा. त्यातून काठी घालून पाणी किती उरलंय ते कळतं. पाऊस थांबल्यावर दोन दिवसांनीही खड्ड्यात पाणी असेल तर खड्डा चोंदला आहे असं समजा.

काही जण खड्डा न घेता गच्चीचा पाइप थेट बोअरमध्ये सोडतात. ते स्वस्त पडतं आणि पाणी लगेच खाली जातं, पण वाळूतून गाळून न घेता सोडलेल्या पाण्याबरोबर गाळ आणि घाणही थेट झऱ्यात जाते. एकदा बोअरमध्ये गाळ बसला की काढणं महाग आणि बेभरवशाचं. आम्ही तो मार्ग नाकारला.

हा खड्डा सगळा पाऊस घेऊ शकत नाही, हेही सांगायला हवं. दहा घनमीटरच्या खड्ड्यात दगड, खडी, वाळू भरल्यावर पाण्याला जागा उरते चार हजार लिटरपेक्षा थोडी कमीच. तासात ३० मिलिमीटरचा जोरदार पाऊस झाला तर एका इमारतीच्या ३०० चौरस मीटर गच्चीवरून तासाभरात ७,२०० लिटर पाणी येतं. चार हजार खड्ड्यात मावतं, तेवढ्या वेळात हजारएक लिटर मुरतं, उरलेल्या दोन हजारांना वाट लागते. ती वाट म्हणजे ओव्हरफ्लोचा पाइप. तो नसेल तर पाणी पार्किंगमध्ये येणार आणि दुसऱ्या दिवशी सगळे खड्ड्याला शिव्या देणार. पुण्यात रोज असा धो धो पाऊस पडत नाही, संततधारेचे दिवसच जास्त, त्यामुळे बरंचसं पाणी मुरतं. पहिले पाऊस आणि ओव्हरफ्लो वजा करून आम्ही वर्षाला चार लाख लिटर जमिनीत जाईल असं धरलं.

त्याचा चौथा हिस्सा परत मिळाला तर एक लाख लिटर, म्हणजे दहा टँकर, बारा हजार रुपये. निम्मा मिळाला तर वीस टँकर, चोवीस हजार. ९० टँकर बंद होत नाहीत. ते ७० किंवा ८० होतात. त्याखेरीज पुणे महापालिका पर्जन्यजल संधारण करणाऱ्या निवासी मिळकतींना सर्वसाधारण करात ५ टक्के सवलत देते, आणि सौर ऊर्जा किंवा गांडूळखत यांपैकी आणखी एखादा प्रकल्प जोडीला असेल तर १० टक्के. ही सवलत सोसायटीच्या खात्यात येत नाही, ज्याच्या त्याच्या बिलात येते, आणि यंत्रणा चालू असेल तरच टिकते. बिलातली 'सर्वसाधारण कर' ही ओळ बघा, सगळ्या बिलाच्या ५ टक्के धरू नका. आमच्याकडे घरटी सरासरी ३०० रुपये, एकूण १०,८००. यातून वर्षाच्या सफाईचे सहा हजार वजा केले की निव्वळ फायदा वर्षाला १६,८०० ते २८,८०० रुपये. २ लाख १६ हजारांचा खर्च वसूल व्हायला साडेसात ते तेरा वर्षं.

हे आकडे कार्यकारिणीत मांडले तेव्हा आमचे खजिनदार गप्प झाले. "हे लिहिलं तर कुणी पैसे देणार नाही," ते म्हणाले. माझं मत उलट होतं. 'टँकर बंद' असं लिहून पैसे घेतले आणि पुढच्या एप्रिलला टँकर दारात उभा राहिला, तर खड्ड्यांच्या सफाईला पुन्हा कुणी एक रुपया देणार नाही. आणि सफाई न झालेला खड्डा तीन-चार वर्षांत मरतो. खोटा आकडा सभेत मंजुरी मिळवून देतो, पण खड्डा चालू ठेवायचे पैसे तो मिळवून देत नाही.

वर्गणीचा प्रश्न याहून नाजूक. उपविधींप्रमाणे काही खर्च सर्वांना समान असतात, काही क्षेत्रफळाप्रमाणे, पाणीपट्टी नळांच्या संख्येवर आणि आकारावर. खड्डा यांपैकी कशात बसतो? ए इमारतीतल्या एक खोलीवाल्या काकूंनी विचारलं, "मी एकटी. चार खोल्यांच्या घराइतकेच पैसे मी का द्यायचे?" प्रश्न रास्त आहे. सिंकिंग फंडातून खर्च करा असंही कुणी सुचवलं. पण तो निधी इमारतीची पुनर्बांधणी आणि मोठ्या संरचनात्मक कामांसाठी राखायचा असतो, त्याला हात लावू नये असं आमच्या लेखापरीक्षकांनी स्पष्ट सांगितलं. शेवटी एक नियम सगळ्यांना पटला : टँकरचे पैसे ज्या हिशेबाने वाटले, त्याच हिशेबाने खड्ड्याचे वाटायचे, कारण वाचणार आहेत ते टँकरचे पैसे. आमच्याकडे टँकर समान वाटला जायचा, म्हणून वर्गणी समान. तुमच्याकडे नळांवर वाटत असाल तर खड्डाही नळांवर वाटा. काकूंनी हे ऐकून टँकरही नळांवर वाटावा अशी मागणी केली. ती पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत घेतली आहे, आणि मला ती योग्य वाटते.

वेळेचंही गणित आहे. वार्षिक सभा बहुतेक सोसायट्यांत सप्टेंबरअखेर होते, तोवर पावसाळा संपत आलेला असतो. खणायचं काम एप्रिल-मेमध्ये झालं पाहिजे, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये विशेष सर्वसाधारण सभा हवी. तिच्या सूचनेला पूर्ण पाच दिवसांची मुदत द्यावी लागते. आम्ही दहा दिवस दिले, म्हणजे लोकांना शंका विचारता आल्या.

नवी सूचना अशी लागली :

'विशेष सर्वसाधारण सभेपुढील विषय : पावसाचे पाणी जमिनीत मुरविण्यासाठी तीन पुनर्भरण खड्डे. खड्डे रु. १,२०,०००, पाइप, चेंबर व ओव्हरफ्लो रु. ५६,०००, भूजलतज्ज्ञ व चाचणी रु. १५,०००; राखीव रु. २५,०००; एकूण रु. २,१६,०००. वर्गणी प्रत्येक सदनिकेस रु. ६,०००, एप्रिल व मे या दोन हप्त्यांत. भाडेकरू असल्यास वर्गणी मालकाने द्यावयाची आहे. राखीव रक्कम खर्च न झाल्यास ती खड्ड्यांच्या सफाईसाठी वापरली जाईल. अपेक्षित लाभ : वर्षाला दहा ते वीस टँकर कमी लागण्याची शक्यता व सर्वसाधारण करात सवलत. टँकर पूर्णपणे बंद होणार नाहीत. बोअरची पाणीपातळी दर महिन्याच्या एक तारखेला मोजून या फलकावर लावली जाईल. ज्या सात सदनिकांचे वॉशिंग मशीनचे पाणी पावसाळी पाइपमध्ये जाते, त्यांनी ३० एप्रिलपूर्वी स्वखर्चाने जोड बदलून घ्यावेत. तोपर्यंत खड्ड्यांचे काम सुरू होणार नाही.'

सभेला ३१ सभासद आले. २७ जणांनी हात वर केले, चौघे विरोधात राहिले, त्यांचा विरोध इतिवृत्तात नोंदवला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी ठराव मांडला आणि पाणीपातळी मोजायचं काम स्वतःकडे घेतलं. नायलॉनची दोरी, टोकाला वजन, दर मीटरला लाल गाठ, एवढंच साहित्य लागतं. पहिली नोंद त्यांनी १ एप्रिलला केली : ४१ मीटर.

तुमच्या सोसायटीत अशी सूचना लागणार असेल तर सभेच्या आधी एका कोरड्या सकाळी, लोक कपडे धुतात त्या वेळी, खाली उतरा आणि प्रत्येक पावसाळी पाइपला तळाशी हात लावून बघा. ओला लागला, तर तिथून कामाला सुरुवात करा.